पाळी गेल्यावर सारखं सारखं लघवीचं इन्फेक्शन होतंय? या चुका टाळा

माझ्या आईला ६३ व्या वर्षी एका वर्षात चार वेळा लघवीचं इन्फेक्शन झालं. पहिल्यांदा जळजळ सुरू झाली तेव्हा घरात सगळे म्हणाले उन्हाळी लागलीय, धणे-जिऱ्याचं पाणी पी, मग ताप आल्यावर मेडिकलमधून गोळ्या आणल्या, तीन दिवसांत बरं वाटलं आणि दोन महिन्यांनी परत तेच. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं की डॉक्टर त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन म्हणतात, आणि मग नुसती प्रत्येक वेळची जळजळ थांबवून भागत नाही, ते परत का होतंय हे बघावं लागतं.

आमची पहिली चूक म्हणजे कल्चर न करता अँटिबायोटिक. लघवीचं कल्चर म्हणजे कोणता जंतू आहे आणि त्याच्यावर कोणतं औषध चालतं हे बघणारी टेस्ट, ती गोळीचा पहिला डोस घ्यायच्या आधी द्यायची, धार सुरू झाल्यावर मधली लघवी निर्जंतुक डबीत घ्यायची आणि लॅबमध्ये लगेच पोचवायची, पोचवायला वेळ लागणार असेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवायची. आईचं चौथ्या वेळी केलं तेव्हा कळलं की जंतू ई. कोलाय आहे आणि आम्ही दर वेळी जी गोळी आणत होतो ती त्याच्यावर चालतच नव्हती.

दुसरी चूक अगदी उलटी. बरं वाटल्यावरही आम्ही "खात्री म्हणून" टेस्ट करायचो, रिपोर्टमध्ये पस सेल्स दिसले की घाबरून परत कोर्स. या वयात बऱ्याच बायकांच्या लघवीत काही त्रास नसताना पण जंतू सापडतात आणि त्यांना औषध लागत नाही, उलट विनाकारण अँटिबायोटिक घेतलं तर जंतू अजून चिवट होतात. जळजळ नाही, सारखं जावं लागत नाही, ताप नाही, तर नुसत्या रिपोर्टवर कोर्स करू नका.

आता मूळ कारण. पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं, योनीमार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी पडते, तिथले चांगले लॅक्टोबॅसिलस जंतू कमी होतात. हे जंतू तिथे आम्लता टिकवून ठेवतात म्हणून ई. कोलायला जम बसवता येत नाही. ते गेले की शौचाच्या जागेचे जंतू पुढे सरकतात आणि तिथून लघवीच्या नळीत. म्हणून आईच्या गायनॅकनी इस्ट्रिऑल या इस्ट्रोजेनच्याच एका प्रकाराचं क्रीम दिलं, ०.५ मिलिग्रॅम, दोन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा. १९९३ मध्ये याच पद्धतीने एक अभ्यास झाला होता, त्यात क्रीम वापरणाऱ्या बायकांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा इन्फेक्शन झालं आणि नुसतं साधं क्रीम लावणाऱ्यांना ५.९ वेळा!

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. आई पहिले काही दिवस क्रीम फक्त बाहेरून लावत होती, ते अ‍ॅप्लिकेटरने योनीमार्गाच्या आत जायला हवं. तीन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून ती सोडणारच होती, पण त्वचा सुधारायला साधारण तीन महिने लागतात, आणि सुरुवातीला थोडी चुणचुण होऊ शकते. हार्मोनची गोळी तोंडाने घेतली तर हा फायदा मिळत नाही, आणि आतून लावलेलं कमी डोसचं क्रीम रक्तात फार थोडं जातं. तरी स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, आणि पाळी गेल्यावर अंगावरून रक्त जात असेल तर आधी तपासणी, मग क्रीम.

क्रीम एकटं पुरत नाही कधीकधी. आईची सोनोग्राफी केली तेव्हा लघवी झाल्यावर पण पिशवीत बरीच उरलेली दिसली, कारण तिचं अंग थोडं बाहेर येत होतं आणि बद्धकोष्ठ पण होता. शुगर, खडा हे पण बघून घ्यावं. प्रवासात टॉयलेटची भीती म्हणून पाणी न पिणं आणि तासन् तास लघवी दाबून ठेवणं तिने बंद केलं. हे सगळं करूनही होत राहिलं तर रोजच्या अँटिबायोटिकऐवजी मेथेनामाइन हिप्युरेट हे लघवीत जंतू वाढू न देणारं औषध हा एक पर्याय आहे, तो डॉक्टरांशी बोलून ठरवायचा.

थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या असं काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. इन्फेक्शन बरं झाल्यावरही लघवीत रक्त दिसत राहिलं तर ते पण दाखवा.

क्रीम सुरू केल्यावर आईला आठ महिने काहीच झालं नाही, मग ट्यूब संपली आणि "आता बरी आहे की" म्हणून दोन महिने आणलीच नाही, आणि त्यानंतर परत जळजळ. औषध बंद केलं की त्वचा हळूहळू परत पहिल्यासारखी होते, म्हणून आता मंगळवार आणि शुक्रवार रात्र ठरलेली आहे, आणि पुढची ट्यूब आधीची संपायच्या आधीच घरात असते.