परिचय लिहितानाच आभाराची सोय

व्याख्यानमालेत पाहुण्यांचा परिचय एक जण करून देतो आणि आभार दुसरा मानतो. परिचय करणारा ‘ज्येष्ठ’, ‘व्यासंगी’, ‘निगर्वी’ असा सगळा साठा आधीच खर्च करून टाकतो. मग आभाराला उठलेल्याच्या हाती ‘सुरुवातीला सांगितल्याप्रमाणे’ एवढंच उरतं. गाऱ्हाण्यात दर वाक्याला तेच ‘व्हय म्हाराजा’ शोभतं, आभारात नाही.

म्हणून परिचय लिहायला बसताना आभाराची दोन वाक्यं आधी कच्ची लिहून घ्यावीत. उदाहरणादाखल, फेब्रुवारीतली संध्याकाळ, किनाऱ्यालगतचं वाचनालय आणि ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणावर बोलणारे पाहुणे. परिचय दोन मिनिटांचा, म्हणजे सुमारे दोनशे शब्दांचा. त्यात शिक्षण, पदं आणि पुरस्कार तीन वाक्यांत आटपावेत. यातलं काहीही आभाराला उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ती डोळ्यांसमोर येणारी एखादी वस्तू किंवा हालचाल. विशेषणाचा पडसाद उमटत नाही, कारण ते पुन्हा म्हटलं की पुनरुक्तीच होते.

परिचयाचा शेवट असा करता येईल: ‘भरतीच्या रेषेच्या वर, हातभर वाळूखाली काय दडलंय, ते आपल्या पायांना कळत नाही. पाहुण्यांना ते नुसता माग पाहून कळतं.’ हे वाक्य अगदी शेवटीच हवं. मध्ये गेलं तर तासाभराच्या भाषणानंतर कोणाच्या लक्षात राहत नाही आणि आभारातला धागा हवेत लोंबतो.

आता यातली नामं आणि क्रियापदं पेन्सिलीने अधोरेखित करा: भरती, रेषा, वाळू, दडणं, पाय, माग. आभारात यांना बंदी. मग त्याच गोष्टीची वेळ बदला, करणारा बदला. परिचयात न कळणारे आपण होतो. आभारात कळलेले आपण असू: ‘येताना आपण किनाऱ्यावरून बिनधास्त चालत आलो. परत जाताना जरा बघून पाऊल टाकू, आणि ही सवय आज पाहुण्यांनी लावली.’ एकही बंदीचा शब्द आलेला नाही, तरी ऐकणाऱ्याला सुरुवात आठवते. मात्र बंदीचा अतिरेक नको. पाहुण्यांचं नाव, गावाचं नाव आणि ‘कासव’ हे शब्द पुन्हा येणारच. पुनरुक्ती टाळायला ‘कूर्म’ म्हणणाऱ्याकडे लोक हसून बघतात.

पाहुणे घरट्यांबद्दल न बोलता तासभर जाळ्यांत अडकणाऱ्या कासवांवरच बोलले तर? हा धोका खरा आहे, म्हणून परिचयात दुसरा धागा सोडून ठेवावा आणि तो भाषणावर अवलंबून नसावा. मादी रात्री येते, शंभरेक अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. पुढे पिल्लं बाहेर पडेपर्यंतचे पन्नासेक दिवस राखण माणसं करतात, एवढं परिचयात असू द्या. आभारात कार्यकर्त्यांची नावं घ्यायची वेळ आली की म्हणावं, ‘कार्यक्रम संपवून आपण घरी जाऊ, पण सतरंज्या गुंडाळून शेवटी कुलूप लावणारे इथेच असतील.’ नावांची यादी, जी एरवी सगळ्यात कंटाळवाणी असते, ती इथे धाग्यात ओवली जाते. फक्त ‘कासवासारखं’ असं उघड म्हणू नका. उपमा उलगडून सांगितली की निघून जाणारी मादी म्हणजे पाहुणेच, असाही अर्थ कोणीतरी काढतो.

परिचयात काय ठेवायचं नाही, हे पाहुण्यांना फोन करून विचारा. वाळूच्या तापमानावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं, ही त्यांच्या भाषणातली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट असू शकते. ती परिचयात फोडली तर त्यांची पंचाईत होते.

दोन दिवस आधी परिचयाची प्रत आभार मानणाऱ्याला द्या, बंदीचे शब्द खुणा करून. मग दोन्ही मजकूर लागोपाठ मोठ्याने वाचा, समोर या विषयाशी संबंध नसलेलं कोणीतरी बसवा. त्याने ‘हे मघाशी आलं’ म्हटलं तर शब्द बदला. त्याला काहीच जोड जाणवली नाही, तर परिचयातलं शेवटचं वाक्य लांबलंय, ते छाटा. भाषण चालू असताना आभार मानणाऱ्याने पाहुण्यांच्या तोंडची एखादी नवी गोष्ट टिपून घ्यावी आणि कच्च्या दोन वाक्यांच्या मध्ये बसवावी. त्यासाठी कागदावर दोन ओळी रिकाम्या ठेवलेल्या बऱ्या.