सपक आमटीत तिखट ओतू नका: या चुका टाळा

आमटी सपक लागली की हात आधी तिखटाच्या डब्याकडे जातो. आपल्या मराठवाड्यात तर जास्तच. पण तिखट म्हणजे जिभेची आग, ती खारट-आंबटाची जागा घेत नाही. सपक आमटीत अजून दोन चमचे काळा मसाला घातला तर ती जहालही होते आणि सपकही राहते.

समजा, एक वाटी तुरीच्या डाळीची साधारण सव्वा लिटर आमटी केली, काळा मसाला आणि दीड चमचा मीठ घातलं, तरी घोट घेताच चव विरून जाते. अशा वेळी पातेल्यात काहीही टाकू नका. पळीभर आमटी वाटीत काढा आणि कोमट होऊ द्या. उकळती चाखली तर जीभ पोळते, मीठ कळत नाही. आता तिच्यात मिठाची अगदी बारीक चिमूट विरघळवा. डाळीची, लसणाची चव एकदम वर आली तर मीठच कमी होतं. पातेल्यात पाव चमचा घाला, दोन मिनिटं उकळा, पुन्हा चाखा. आमटी अजून आटवायची असेल तर इथे हात राखूनच ठेवा, कारण पाणी आटेल तसा खारटपणा वाढतो.

मीठ घालून नुसतं खारट लागलं, पण आमटी जड, बसकीच राहिली, तर आंबट कमी आहे. दुसऱ्या वाटीत चिंचेच्या कोळाचे दोन-तीन थेंब टाकून बघा. एवढ्या आमटीला सुपारीएवढी चिंच भिजवून तिचा कोळ थोडाथोडा घालत गेलं की बहुधा भागतं. जुनी, काळी चिंच असेल तर कमीच लागेल. मात्र डाळ मऊ शिजल्याशिवाय चिंच घालायची नाही. आंबटामुळे डाळ शिजत नाही, त्यात बोअरचं जड पाणी असलं तर दाणा तसाच टणक राहतो.

आंबट टोचायला लागलं की गूळ, बोराएवढा खडा पुरे. आमटी गोड लागली तर तो जास्त झाला. फक्त टोचणं थांबलं की बरोबर. तिखटाचा विचार या सगळ्यानंतर करा. गुळाने तिखटही थोडं मऊ होतं, म्हणून आधी ठरवलेलं प्रमाण इथे बदलू शकतं.

बऱ्याच घरी एक गोष्ट राहून जाते: नुसती आमटी चाखून निर्णय घेतला जातो. ज्वारीच्या भाकरीत आपण सहसा मीठ घालत नाही. त्यामुळे पळीतून अगदी बरोबर वाटलेली आमटी भाकरी चुरल्यावर अळणी लागते. शेवटची चव भाकरीच्या तुकड्याबरोबरच घ्या.

इतकं करूनही आमटीला वासच नसेल तर मसाला जुना झालाय. मग तेलात ठेचलेला लसूण तांबूस करा, गॅस बंद करून ताजा मसाला टाका आणि ही फोडणी वरून ओता. कोरडं तिखट तयार आमटीत भुरभुरलं तर कच्चट लागतं.