क्लासिफायर म्हणतो ०.६८, म्हणून किती लावायचे? या चुका टाळा

ट्रेड जिंकण्याची संभाव्यता क्लासिफायर ०.६८ म्हणतो तेव्हा बहुतेक जण तो आकडा उचलून थेट केलीच्या सूत्रात टाकतात, म्हणजे भांडवलाचा किती भाग लावायचा हे सांगणाऱ्या सूत्रात. जॉन केली यांनी १९५६ साली मांडलेलं हे सूत्र चोख आहे, पण त्याची एक अट आहे: आत जाणारी संभाव्यता खरी असली पाहिजे. मॉडेलची संभाव्यता तशी क्वचितच असते, आणि ट्रेडिंगमध्ये बहुतेक वेळा चूक एकाच दिशेने होते. मॉडेल स्वतःवर गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवतं.

हिशेब साधा ठेवू. जिंकलो तर जेवढं लावलं तेवढंच मिळतं, हरलो तर तेवढंच जातं. अशा वेळी केलीचं सूत्र `f = 2p - 1` एवढंच उरतं. ०.६८ टाकलं की उत्तर येतं ३६ टक्के. म्हणजे दर ट्रेडला भांडवलाचा ३६ टक्के भाग जोखमीवर. आता समजा, मॉडेल ०.६८ म्हणतं तेव्हा प्रत्यक्षात फक्त ५४ टक्के ट्रेड जिंकतात. ५४ टक्के म्हणजे मॉडेल वाईट नाही, त्याच्याकडे खरोखर काहीतरी आहे. ५० ट्रेड घेतले, २७ जिंकले, २३ हरले, अगदी अपेक्षेप्रमाणे. तरीही १०० चे १४ उरतात! १.३६ चा २७ वा घात आणि ०.६४ चा २३ वा घात यांचा गुणाकार करून स्वतः बघा.

हेच ५० ट्रेड खऱ्या संभाव्यतेवरून निघणाऱ्या ८ टक्क्यांनी घेतले असते तर १०० चे ११७ झाले असते, आणि सावध २ टक्क्यांनी १०७. ट्रेड तेच, जिंकण्याचं प्रमाण तेच, फरक फक्त साइझिंगचा. योग्य केलीच्या साधारण दुपटीवर वाढ शून्य होते आणि त्यापलीकडे भांडवल झिजत जातं. दर ट्रेडची सरासरी अपेक्षा फायद्याची असली तरीही झिजतं, आणि म्हणूनच ही चूक बॅकटेस्टच्या सरासरीत दिसत नाही.

संभाव्यता आकसवायची कशी

उपाय जुना आहे. मॉडेलने ट्रेनिंगमध्ये कधीच न पाहिलेल्या काळातले अंदाज घ्या, त्यांची लॉग-ऑड्स, म्हणजे `log(p / (1 - p))`, काढा आणि प्रत्यक्ष निकालांवर एक छोटं लॉजिस्टिक रिग्रेशन चालवा. त्यातून दोन आकडे मिळतात: `a` म्हणजे सरक आणि `k` म्हणजे उतार. `k` १ च्या आसपास असेल तर मॉडेलचा आत्मविश्वास रास्त आहे, ०.२१ असेल तर पाचपटीच्या आसपास फुगलेला. वरच्या उदाहरणात `a` शून्य आणि `k` ०.२१ धरलं की ०.६८ चं ०.५४ होतं, ०.८० चं ०.५७ आणि ०.६० चं ०.५२.

इथे घाई नडते. काळाचा क्रम न पाळता डेटा सरमिसळ करून विभागला, किंवा ट्रेडचे कालावधी एकमेकांवर चढलेले असले, तर `k` खोटा मोठा येतो. आणि थोड्या डेटावर तो डळमळतोही. ०.६८ च्या आसपासचे ३५० अंदाज हातात आहेत आणि त्यातले ५४ टक्के जिंकले, तर दोन प्रमाणित त्रुटींची पट्टी साधारण ४९ ते ५९ टक्के येते. म्हणजे फायदा आहे की नाही हेच अजून ठरलेलं नाही. अशा वेळी मी `k` च्या अंदाजाऐवजी त्याच्या पट्टीची खालची बाजू वापरते, आणि ती शून्याला टेकत असेल तर ट्रेड घेत नाही.

०.५ कडे ओढणं

ही चूक मला सगळ्यात घातक वाटते, कारण ती सावधपणाच्या वेषात येते. ‘मॉडेलवर अर्धाच विश्वास’ म्हणून संभाव्यता निम्म्याने ०.५ कडे ओढतात. टार्गेट आणि स्टॉप-लॉस सारख्याच अंतरावर असतील तर ते चालून जातं. पण टार्गेट स्टॉपच्या दुप्पट असेल तर ना नफा ना तोटा हा बिंदू १/३ वर असतो, ०.५ वर नाही. मॉडेल ०.३० म्हणालं, म्हणजे हा ट्रेड तोट्याचा आहे, सोडा. निम्म्याने ०.५ कडे ओढलं की झालं ०.४०, आणि `p - (1 - p) / 2` या हिशेबाने केली म्हणतो १० टक्के लावा. नको असलेला ट्रेड आकसवण्यानेच जन्माला घातला.

ओढायचंच असेल तर ना नफा ना तोटा बिंदूकडे, `1/(1+b)` कडे, ओढा. इथे `b` हा खर्च आणि स्लिपेज वजा करून आलेलं फायदा-तोट्याचं प्रमाण आहे. `a` आणि `k` निकालांवरून काढले असतील तर मूळ प्रमाणाची काळजी `a` घेतो, वेगळं ओढायची गरज उरत नाही. ट्रेनिंगमध्ये दुर्मिळ वर्गाला जास्त वजन दिलं असेल, तर त्यामुळे सरकलेली संभाव्यताही याच `a` मुळे बरीचशी जागेवर येते.

नुसती कॅप पुरत नाही

‘कितीही येऊ दे, ३ टक्क्यांवर जायचंच नाही’ असं म्हणून कच्च्या केलीवर कॅप लावली की निश्चिंत वाटतं. पण सारख्या अंतराच्या ट्रेडमध्ये कच्ची संभाव्यता ०.५१५ च्या वर गेली की कॅप लागते. ०.५२ आणि ०.८० दोन्हींना तेच ३ टक्के. ०.५२ आकसवल्यावर ०.५०४ होतं आणि त्याचा पूर्ण केली १ टक्क्याहूनही कमी आहे. म्हणजे कॅप असूनही आपण तिप्पटीपेक्षा जास्त लावतोय. म्हणून क्रम असा: आधी आकसवा, मग केली, मग त्याचा अंश, इथे पाव, आणि कॅप अगदी शेवटी.

```python
import numpy as np

def risk(p, a, k, b, frac=0.25, cap=0.03):
    p = np.clip(p, 0.01, 0.99)
    z = a + k * np.log(p / (1 - p))
    q = 1 / (1 + np.exp(-z))
    f = q - (1 - q) / b
    return min(max(frac * f, 0.0), cap)
```

`a` शून्य, `k` ०.२१ आणि `b` १ धरलं तर ०.६८ वर हे सुमारे २ टक्के देतं. ०.८० वर ३.६ येतं आणि कॅप ते ३ वर आणते. कॅप किती वेळा लागते याची नोंद ठेवा. क्वचित लागली तर ठीक, पण निम्म्या ट्रेडना लागत असेल तर `k` चुकलाय किंवा मॉडेल बिघडलंय.

उत्तरातला आकडा जोखमीचा आहे, पोझिशनचा नाही. २ टक्के जोखीम आणि ४ टक्क्यांवर स्टॉप असेल तर पोझिशन भांडवलाच्या ५० टक्के होते. भाव स्टॉप ओलांडून थेट खाली उघडला तर २ टक्क्यांचा हिशेब संपला, म्हणून पोझिशनच्या आकारालाही वेगळी मर्यादा हवी. तसंच एकाच दिवशी एकाच दिशेने पाच सिग्नल आले तर ते बहुधा एकच ट्रेड पाच नावांनी आलेला असतो. प्रत्येकी २ टक्के धरले की एका फटक्यात १० टक्के जातात. एकूण जोखमीची मर्यादा, समजा ६ टक्के, ओलांडली तर सगळ्यांना सारख्याच प्रमाणात कमी करा, ०.६ ने गुणा.

आणि मॉडेल पुन्हा ट्रेन केलं की जुने `a` आणि `k` टाकून द्या. ते त्या जुन्या मॉडेलच्या आत्मविश्वासाचं माप होतं. नव्या मॉडेलचे न पाहिलेल्या काळातले पुरेसे अंदाज जमेपर्यंत मी सगळ्या ट्रेडना एकच लहान, ठरलेली जोखीम देते.