परताव्याचं पत्र: शब्द मऊ, मागणी ठाम

मसाल्याच्या 2,000 पाउचपैकी जवळपास 600 पाउचचं खालचं सील बोटाने दाबताच सुटत होतं. पुरवठादाराला पहिलं पत्र रागात लिहिलं, "तुम्ही फसवलंत." उत्तर नाही. दुसऱ्यात "शक्य असल्यास पैसे परत करावेत" लिहिलं, तर "पुढच्या बिलात वळते करू" म्हणाले. तीन आठवडे वाया गेले, फार मनस्ताप झाला.

तिसरं पत्र असं लिहिलं. आधी बिल क्रमांक, तारीख, नग. मग दोष, पण वाक्यातून "तुम्ही" काढून "सील" कर्ता केलं: "600 पाउचचं सील सुटतं, फोटो जोडले आहेत." त्यानंतर एकच मऊ वाक्य, तेही खरं: "आधीच्या चार खेपा चांगल्या होत्या." शेवटी मागणी, स्वतंत्र परिच्छेदात:

"600 पाउचचे 2,400 रुपये 15 तारखेपर्यंत बँक खात्यात जमा करावेत व क्रेडिट नोट पाठवावी. रक्कम पुढील बिलात वळती करू नये. सदोष माल आपल्या खर्चाने परत न्यावा."

"करावेत" नम्रच आहे. मागणी ढिली होते ती "शक्य असल्यास"मुळे. मऊ वाक्य मागणीच्या नंतर ठेवू नका, वाचणारा तेच धरून बसतो. पैसे 13 तारखेला आले.