कोकणातले घर आरक्षित करण्यापूर्वी फोटो कसे तपासावेत

सुट्टीसाठी कोकणात घर घ्यायचे ठरले की पैसे भरण्याआधी अर्धा तास केवळ फोटोंसाठी राखून ठेवावा. ते शक्यतो मोठ्या पडद्यावर पाहावेत, कारण ज्या खुणा शोधायच्या त्या फोटोच्या कडांना आणि झाडांच्या पानांमध्ये असतात. सगळे फोटो आणि घराचे वर्णन तारखेसह आपल्याकडे जतन करून ठेवावे. पुढे तक्रार करायची वेळ आली आणि दरम्यान तिथले फोटो बदलले गेले, तर हाच पुरावा उरतो.

पहिले काम खोलीचे माप काढण्याचे. आतले फोटो बहुधा वाइड अँगल लेन्सने काढतात. फुल फ्रेम कॅमेऱ्यावरची १६ मिलिमीटरची लेन्स आडवा सुमारे ९७ अंशांचा पट्टा टिपते, तर मोबाईलचा नेहमीचा कॅमेरा सत्तरच्या आसपास. लहान खोलीत मागे सरकायला जागा नसते, त्यामुळे अशी लेन्स वापरण्यात मुळात काही गैर नाही. मात्र ती जवळचे मोठे करते, लांबचे आणखी लांब ढकलते आणि पलंगापासून समोरची भिंत हॉलच्या टोकाला असावी तशी दिसते. लेन्सला एक गोष्ट मात्र बदलता येत नाही, ती म्हणजे फरश्यांची संख्या. म्हणून फरश्या मोजाव्यात.

आधी एका फरशीचे माप ठरवावे. डबल बेड साधारण सहा फूट रुंद असतो. त्याच्या रुंदीत तीन फरश्या बसत असतील, तर फरशी दोन फुटांची आहे. बेड पाच फुटांचा असण्याचीही शक्यता असते, म्हणून उश्या पाहाव्यात: सहा फुटी बेडवर दोन उश्यांमध्ये फूट-दीड फूट जागा मोकळी राहते, पाच फुटीवर त्या जवळजवळ चिकटतात.

आम्ही हे न करता एकदा ‘प्रशस्त फॅमिली रूम’ घेतली होती. आम्ही दोघे, मुलगी आणि सासूबाई असे चौघे होतो आणि फोटोत पलंगासमोर दोन गाद्या सहज मावतील असे वाटत होते. परत आल्यावर तोच फोटो मोजला. रुंदीत पाच फरश्या, लांबीत साडेपाच, म्हणजे दहा बाय अकरा फूट. साडेसहा फूट लांबीचा पलंग वजा केला की पायथ्याशी साडेचार फूट उरतात. तीन फुटी गादी घातल्यावर दीड फूट, आणि बाथरूमचे दार तिथेच उघडत होते. सासूबाईंना रात्री उठायचे झाले की मुलीची गादी गुंडाळावी लागे. हे सगळे त्या फोटोत आधीपासूनच होते.

गालिच्यामुळे फरशी दिसत नसेल, तर फोटोच्या कोपऱ्यातल्या गोल वस्तू पाहाव्यात. दिव्याचा गोळा अंड्यासारखा लांबट दिसला किंवा कडेची उशी मधल्या उशीपेक्षा बरीच रुंद वाटली, तर लेन्स फार रुंद आहे असे समजावे.

मग आकाश. २०२० साली फोटोशॉपमध्ये आकाश बदलण्याची तयार सोय आली आणि हे काम काही क्षणांचे झाले. तपासणी सावल्यांपासून सुरू करावी. मागे नारिंगी सूर्यास्त आहे आणि पागोळीची सावली मात्र भिंतीवर बरीच खालपर्यंत व ठळक पडली आहे, तर तो फोटो दुपारचा आहे. सूर्य घरामागे मावळत असेल, तर घराची पुढची बाजू छायेत असायला हवी. तलावाच्या पाण्यात आणि खिडक्यांच्या काचांत पडलेले प्रतिबिंब वरच्या आकाशाशी जुळते का, हेही पाहावे. पाणी राखाडी आणि आकाश निळे असेल, तर पाण्यावर विश्वास ठेवावा. माडाच्या झावळ्यांमधल्या फटींत जुने पांढरे आकाश अनेकदा राहून जाते. झावळ्यांच्या कडेने दिसणारी फिकट किनार मात्र एकटी पुरेशी नाही, कारण एकाच दृश्याचे उजळ-अंधारे फोटो जोडले तरी ती उमटते.

दिशा नकाशावर पडताळावी. कोकणात खुला समुद्र पश्चिमेला आहे आणि मावळतीचा सूर्य वर्षभर नेमक्या पश्चिमेपासून उत्तर-दक्षिणेला सुमारे २५ अंशांतच सरकतो. उपग्रह-चित्रात गच्ची डोंगराकडे, पूर्वेला दिसत असेल, तर तिथून समुद्रातला सूर्यास्त दिसणार नाही. त्याच चित्रात शेजारची इमारत आणि पाहुण्यांच्या फोटोंत विजेच्या ताराही शोधाव्यात, कारण आकाश बदलताना त्या पुसल्या जाण्याची शक्यता असते. पाहुण्यांनी टाकलेले फोटो महिन्यानुसार पाहावेत. जुलैत जाणार असाल, तर जुलैचेच.

शेवटी मालकांना फोन करून एक व्हिडिओ मागावा: खोलीच्या दारात उभे राहून, `0.5x` नव्हे तर `1x` वर, मध्ये न थांबता गच्चीपर्यंत चालत काढलेला. जादा गादी घ्यायची असेल, तर ती जमिनीवर पसरून बाथरूमचे दार उघडून दाखवायलाही सांगावे.