ड्यूटीचे पैसे परत मागताना: दुसऱ्यांदा लिहायला बसण्याआधी

मी कस्टम्स एजंट. अंबडच्या एका कारखान्याने आयात केलेलं मशीन न्हावाशेव्याहून सोडवलं, खिशातून ड्यूटी भरली आणि नाशिकला परत येऊन एकच बिल पाठवलं. दोन महिने पैसे अडकले. चूक माझीच होती, म्हणून हे लिहितोय.

बीई म्हणजे बिल ऑफ एंट्री, तिची प्रत, ड्यूटीचं चलन, पावत्या लागतातच, त्यावर शब्द घालवत नाही. बीईचा नंबर आणि तारीख मात्र पत्राच्या पहिल्या ओळीत हवी, कारण समोरचा अकाउंटंट त्याच नंबरावरून शोधतो.

आता मी विसरलो होतो ती गोष्ट. आपण त्यांच्या वतीने भरलेले पैसे वेगळे आणि आपली मजुरी वेगळी. दोन कागद. ड्यूटी, सीएफएस म्हणजे बंदराजवळचं कंटेनर गोदाम, आणि शिपिंग लाइनची रक्कम डेबिट नोटवर, एजन्सी चार्जेस टॅक्स इनव्हॉइसवर. मी सगळं एका बिलात घालून खाली १८ टक्के लावले होते.

त्या बिलातली ड्यूटी बघा. असेसेबल व्हॅल्यू ८,००,००० रुपये. बेसिक ड्यूटी ७.५ टक्के, म्हणजे ६०,०००. तिच्यावर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, ६,०००. मग ८,६६,००० वर १८ टक्के आयजीएसटी, १,५५,८८०. एकूण २,२१,८८०. या आकड्यावर मी पुन्हा जीएसटी लावला, म्हणजे ३९,९३८ रुपये फुकटचे मागितले! कराच्या रकमेवर कर. त्यांच्या अकाउंट्सने बिल बाजूला ठेवलं, आणि मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं. शिवाय एकच बिल दिसलं की टीडीएसही पूर्ण रकमेवर कापायला निघतात, मग ते सोडवत बसा.

सीजीएसटी नियम ३३ मध्ये याला प्युअर एजंट म्हणतात. आयातदाराने आपल्याला तसा अधिकार दिलेला हवा, रक्कम बिलावर वेगळी दाखवलेली हवी, आणि जेवढी भरली तेवढीच मागायची. शंभर रुपये वर ‘राउंड ऑफ’ केले तरी ती शुद्ध भरपाई राहत नाही. आपला नफा एजन्सी चार्जेसमध्ये ठेवा. अधिकारपत्र फाइलमध्ये आहे ना, ते आधी उघडून बघा. माझ्याकडे होतं, पण दुसऱ्याच कन्साइनमेंटचं.

आयजीएसटीचं क्रेडिट आयातदाराला बीईवरून मिळतं, आपल्या बिलावरून नाही. म्हणून डेबिट नोटवर आयजीएसटीची रक्कम लिहा, पण ती आपल्या जीएसटीसारखी दिसेल अशी मांडू नका. बेसिक आणि सरचार्जचं क्रेडिट नसतं, ते त्यांच्या मशीनच्या किमतीत जातं. म्हणून तिन्ही आकडे वेगळे द्या, नुसतं ‘ड्यूटी २,२१,८८०’ असं नको.

सीएफएस आणि शिपिंग लाइनची बिलं कोणाच्या नावावर आहेत ते बघा. आयातदाराचा जीएसटीआयएन असेल तरच ती डेबिट नोटवर. आपल्या नावावर निघाली असतील तर ती आपल्या सेवेचा भाग धरली जातात, त्यांना टॅक्स इनव्हॉइसवर यावं लागतं. हे डिलिव्हरी ऑर्डर घेतानाच सांगायचं असतं, नंतर बिल बदलून मिळवायला फोन करून करून जीव जातो.

या वेळी दोन कागद असे झाले: ड्यूटी २,२१,८८०, सीएफएस २१,७१२, लाइन ११,२१०, डेबिट नोट २,५४,८०२. एजन्सी ६,५०० आणि त्यावर जीएसटी १,१७०, इनव्हॉइस ७,६७०. दोन्ही मिळून २,६२,४७२, वजा अॅडव्हान्स १,५०,०००, बाकी १,१२,४७२. अॅडव्हान्स कोणत्या कागदातून वजा केला ते लिहा, मी डेबिट नोटमधून केला. कागद दोनच, विसरू नका.

जुनं बिल जीएसटीआर-१ मध्ये गेलं असेल तर आधी क्रेडिट नोट काढा, मग नवे कागद. नुसतं ‘जुनं बिल रद्द समजावे’ असं ईमेलमध्ये लिहून चालत नाही.

ड्यूटी उशिरा भरल्याचं व्याज लागलं असेल (१५ टक्के वार्षिक, इथे दिवसाला साधारण ९१ रुपये), तर उशीर कोणाचा ते आधी ठरवा. त्यांचा अॅडव्हान्स उशिरा आला असेल तर तारखांसकट वेगळी ओळ. आपलं दुर्लक्ष असेल तर गप्प भरा.

कंटेनर उशिरा परत केल्याचं डिटेन्शन, माल पडून राहिल्याचं ग्राउंड रेंट: दिवस आणि कारण लिहा. बँक डिटेल्स. मुदत. पत्राचा मजकूर चार ओळी पुरे, ‘आपल्या सहकार्याबद्दल आभारी’ वगैरे नको. आणि पाठवण्याआधी एकदा बघा, ड्यूटीवर जीएसटी लागला नाही ना.