दमा की पॅनिक अटॅक? दम्याच्या माणसाच्या बाबतीत या चुका टाळा

दमा नसलेल्या माणसाला अचानक धाप लागली, जीव घाबरला, हातापायाला मुंग्या आल्या, तर पॅनिक अटॅकची शंका डॉक्टरांनाही लवकर येते. ज्याच्या खिशात आधीच पंप आहे त्याचं गणित वेगळं असतं. छाती आवळल्यासारखी होणं, श्वास न पुरणं, ठोके वाढणं, घाम फुटणं हे दोन्हींत होतं. शिवाय दोन्ही एकत्रही येतात, कारण श्वास कोंडला की घाबरणं साहजिकच आहे. त्यामुळे चेहऱ्याकडे बघून निकाल लावायला गेलात की फसगत ठरलेली.

पहिली चूक: ‘रडतेय, म्हणजे टेन्शन आहे’

एक कल्पित पण अगदी नेहमीचं उदाहरण घेऊ. छत्तीस वर्षांच्या बाई, दमा लहानपणापासूनचा. बरं असताना पीक फ्लो मीटरवर, म्हणजे फुंकेचा जोर मोजायच्या साधनावर, त्यांचा सर्वांत चांगला आकडा 400. पहाटे तीनला त्या उठून बसल्या आहेत, रडताहेत, बोटांना मुंग्या आल्यात, ‘मला काहीतरी होतंय’ एवढंच म्हणताहेत. नवऱ्याने बोटाला ऑक्सिमीटर लावला, 97 दिसले. तो म्हणाला, ‘अगं, ऑक्सिजन उत्तम आहे, उगाच घाबरतेस. पाणी पी आणि पड.’

त्याला वेळेने सावध करायला हवं होतं. रात्री आणि पहाटे श्वासनलिका जास्त आकसतात, म्हणून दमा बऱ्याचदा याच वेळी उसळतो. पॅनिक अटॅकसुद्धा झोपेतून उठवतो हे खरं, पण दमेकऱ्याच्या पहाटेच्या धापेला आधी दमाच समजावं. दुसरी खूण बोलण्यात होती. त्या वाक्य पुरं करत नव्हत्या, तीन-चार शब्दांवर थांबून श्वास घेत होत्या. पॅनिकमधला माणूसही तुटक बोलतो, पण एखादा प्रश्न विचारून गुंतवलं तर अधूनमधून अख्खं वाक्य बोलून जातो. अर्थात ही खूण आहे, पुरावा नव्हे.

दुसरी चूक: ऑक्सिमीटरवर भिस्त

कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आला, आणि त्यासोबत हा गैरसमजही. दम्याच्या सुरुवातीला माणूस जोरजोरात श्वास घेऊन ऑक्सिजन टिकवून धरतो. आकडा घसरतो तो उशिरा, शरीर थकायला लागल्यावर. म्हणून 97 दिसले तरी नळ्या मोकळ्या आहेत असं ठरत नाही. उलट 92 च्या खाली गेला तर मात्र चर्चा थांबवून दवाखाना गाठायचा.

नळ्या किती आकसल्या आहेत हे सांगतो पीक फ्लो मीटर. प्लॅस्टिकची साधी नळी, फार महागही नाही, आणि माझ्या मते दमेकऱ्याच्या घरात ऑक्सिमीटरच्या आधी हीच असावी. उभं राहून किंवा ताठ बसून, पूर्ण श्वास भरून, ओठ घट्ट मिटून एका झटक्यात फुंकायचं. असं तीनदा, आणि सर्वांत मोठा आकडा धरायचा. या बाईंचे आकडे आले 210, 230, 230. म्हणजे 400 च्या साठ टक्क्यांहूनही कमी. नळ्या आकसलेल्या होत्या. मुंग्या आणि रडणं खरं होतं, पण ते दम्यावर चढलेलं होतं.

याच बाईंना दुपारी ऑफिसच्या लिफ्टमध्ये अचानक धाप लागली असती, ओठांभोवती मुंग्या आल्या असत्या, सारखे उसासे येत असते, ‘श्वास भरतच नाही’ असं वाटत असतं आणि आकडे 380, 390, 370 आले असते, तर पारडं पॅनिककडे झुकलं असतं. दम्यात अडचण मुख्यतः श्वास बाहेर सोडताना होते. पॅनिकमध्ये माणूस हवा आत ओढत सुटतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातूनच मुंग्या, चक्कर, बोटं आखडणं सुरू होतं. पॅनिक बहुधा दहा मिनिटांत टिपेला जातो आणि अर्ध्या तासात ओसरू लागतो. दमा तासन् तास, कधी दोन-तीन दिवस, हळूहळू बिघडत आलेला असतो: खोकला वाढलेला, पंप जास्त लागतोय, सर्दी झालेली.

एक अडचण आहे. घाबरलेला माणूस नीट फुंकत नाही, त्यामुळे आकडा खोटा कमी येऊ शकतो. 180, 310, 240 असे उड्या मारणारे आकडे आले तर फुंकण्यात गडबड असू शकते. तीन आकडे जवळजवळ आले तर विश्वास ठेवायला हरकत नाही. फुंकताच येत नसेल तर मीटर बाजूला ठेवा आणि दमा समजून चाला.

तिसरी चूक: घरघर नाही, म्हणजे दमा नाही

ही सर्वांत घातक. शिट्टीसारखा आवाज यायला नळीतून हवा वाहावी लागते. नळ्या फारच आकसल्या की आवाज बंद होतो. आधी सूं-सूं करणारी छाती अचानक शांत झाली, आणि माणूस बरा दिसण्याऐवजी गळून गेला, झोपाळू झाला, ओठ निळसर दिसले, तर 108 लावा.

चौथी चूक: कागदी पिशवीत श्वास

सिनेमात बघून कुणीतरी पिशवी पुढे करतो. दमेकऱ्याला ती कधीही देऊ नका, ऑक्सिजन आणखी खाली जातो. झोपेची किंवा चिंतेची गोळीही या वेळी नको. दम्यात ती श्वास मंदावू शकते.

त्याऐवजी ताठ बसवा आणि निळा पंप, म्हणजे सालब्युटामॉल, स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून द्या. एक फवारा, मग चार-पाच सावकाश श्वास, अर्ध्या ते एक मिनिटाने पुढचा. गरज पडली तर असे दहापर्यंत. डॉक्टरांनी वेगळा पंप किंवा वेगळी पद्धत लिहून दिली असेल तर ती पाळा. दहानेही फरक पडला नाही, वाक्य बोलता येत नाही किंवा पीक फ्लो निम्म्याच्या खाली आहे, तर रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत फवारे चालू ठेवा. संशय असेल तर पंप द्यायचा, कारण पॅनिकमध्ये चार फवारे गेले तर हात थरथरतील, ठोके वाढतील, एवढंच. उलटी चूक जिवावर बेतते.

सोबत नाकाने श्वास घेऊन ओठांचा चंबू करून सावकाश सोडायला सांगा. याने दोन्हींत बरं वाटतं.

पाचवी चूक: ‘पंपाने बरं वाटलं, म्हणजे दमाच’

पॅनिक तसाही अर्ध्या तासात उतरू लागतो. तेवढ्यात पंप घेतला तर श्रेय पंपाला जातं. पुढच्या वेळी हात आपोआप पंपाकडे, त्याने धडधड वाढते, धडधडीने भीती वाढते, आणि पुन्हा पंप. म्हणून आकडा पंपाआधी आणि पंधरा मिनिटांनी, दोन्ही वेळा घ्या. आपल्या बाईंचा 230 वरून 300 झाला, म्हणजे दमा होता. 380 चा 385 झाला असता, तर फवाऱ्याने फारसं काही केलं नव्हतं. 300 म्हणजेही पंचाहत्तर टक्केच, तेव्हा सकाळी डॉक्टरांकडे जाणं आलंच.

तारीख, वेळ, आधी काय चाललं होतं आणि दोन्ही आकडे वहीत लिहीत जा. आकडे चांगले असूनही झटके येत राहिले, किंवा आवाज छातीऐवजी गळ्यातून, तोही श्वास आत घेताना येत असेल, तर ती वही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा. स्वरयंत्र आवळण्याचा त्रासही दम्यासारखाच दिसतो आणि त्यावर पंप लागू पडत नाही. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर मात्र यातलं काहीही तपासत न बसता हृदयासाठी थेट हॉस्पिटल गाठा.